झोपेतला अंगठा: आधी तास मोजा, मग उपाय ठरवा

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एक आजी नातीला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. मालवणजवळच्या किनाऱ्यावरचं त्यांचं गाव. मुलीचे वडील मुंबईला नोकरीला, आई काजूच्या कारखान्यात, त्यामुळे मुलीचं झोपणं-उठणं सगळं आजीच्या कुशीत. वय चार वर्षं सात महिने. खुर्चीत बसायच्या आधीच आजींनी तक्रार सांगून टाकली. "बाय, ह्या चेडवाचो आंगठो काय सुटना नाय. किराईत लावलंय, मिरची लावलंय, मारलंय पण. निजली की आंगठो तोंडात."

मुलगी आजीच्या पदराआड गेली. तिने उजव्या हाताची मूठ घट्ट मिटली होती आणि अंगठा आत दडवला होता. चार वर्षांच्या मुलीला आपल्याच अंगठ्याची लाज वाटावी, हे मला फार टोचतं. असं मूल महिन्यातून एक-दोनदा तरी माझ्यासमोर येतंच.

मी आजींना पहिला प्रश्न विचारला तो असा: रात्री अंगठा तोंडात किती वेळ असतो? त्यांनी हात उडवला. रात्रभर, म्हणाल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या की नक्की ठाऊक नाही, त्याही झोपलेल्या असतात. सवय काळजीची आहे की नाही, हे ठरतं या प्रश्नाच्या उत्तरावरून, आणि ते बहुतेक घरांत कुणाला माहीत नसतं. दिवसा टीव्हीसमोर पाच मिनिटं तोंडात गेलेला अंगठा सगळ्यांना दिसतो आणि त्यावरून मूल बोलणी खातं. दातांची जागा बदलते ती मात्र रात्रीच्या अंधारात, कुणी पाहत नसताना.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, असं मी आईबापांना सांगते. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक मऊ थर असतो, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा. आपण चणे फोडतो तेव्हा दातावर मोठा जोर येतो, पण तो क्षणभराचा असतो. थरातलं पाणी उशीसारखं दबतं, जोर सुटला की पुन्हा फुगतं, दात होता तिथेच राहतो. हलका जोर मात्र तासन् तास एकाच दिशेने लागला, तर ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड हळूहळू विरघळू लागतं आणि उलट्या बाजूला नवीन हाड भरतं. दात सरकतो. दातांना तार लावून आम्ही नेमकं हेच करतो. किनाऱ्यावरचं सुरूचं झाड पाहा. २०२० च्या निसर्ग वादळाने झाडं मोडली, उन्मळून पाडली. पण जी झाडं जमिनीकडे कलून वाढलेली दिसतात, ती वर्षानुवर्षं रोज वाहणाऱ्या साध्या खाऱ्या वाऱ्याने कललेली असतात.

दात सरकायला दिवसातून साधारण चार ते सहा तास दाब लागतो, असं दातांच्या शास्त्रात मानलं जातं. त्याहून कमी असेल तर दात बहुधा आपली जागा सोडत नाही. आता विचार करा. बालवाडीतून आल्यावर दहा मिनिटं, रडताना पाच मिनिटं, गाडीत बसल्यावर पंधरा मिनिटं, असा दिवसाचा सगळा अंगठा एकत्र केला तरी एक तास भरणं कठीण. चार-सहा तास फक्त झोपेतच भरू शकतात. म्हणून दिवसा कधीतरी चोखणारं आणि झोपताना पाच मिनिटांत अंगठा गळून पडणारं मूल मला काळजीचं वाटत नाही. दिवसा अंगठ्याला हातही न लावणारं, पण रात्री तो तोंडात घट्ट धरून झोपणारं मूल मी लक्ष देऊन तपासते.

तासांच्या जोडीला जोरही पाहावा लागतो. काही मुलं अंगठा नुसता ओठांत ठेवतात, गाल सैल असतात. काहींचे गाल आत खेचले जातात, चुकचुक आवाज येतो आणि अंगठा ओढला तर बाटलीचं बूच निघाल्यासारखा आवाज होतो. या दुसऱ्या प्रकारात दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. अंगठा वरच्या पटाशीच्या दातांना बाहेर ढकलतो आणि खालच्यांना आत दाबतो. शिवाय अंगठ्यामुळे जीभ टाळूला न टेकता खाली राहते आणि गाल दोन्ही बाजूंनी वरच्या जबड्याला आत दाबत राहतात. वरचा जबडा आतून रुंद ठेवायचं काम जिभेचं असतं. ती तिथून हलली की कमान अरुंद होत जाते.

चोखणं हा मुळात दोष नाही, तो बाळाचा जन्माआधीचा गुण आहे. सोनोग्राफीत पोटातलं बाळ अंगठा चोखताना दिसतं. जन्मल्यावर दूध मिळवायला हीच ओढ लागते आणि दूध नसतानाही चोखल्याने बाळ शांत होतं. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात हजारावर मुलांचा जन्मापासून पाठपुरावा झाला आहे. लहानपणी अंगठा चोखणाऱ्या किंवा नखं खाणाऱ्या मुलांमध्ये पुढे धूळ, परागकण वगैरेंची त्वचेवर दिसणारी ॲलर्जी कमी आढळली, असं त्यातून २०१६ साली मांडलं गेलं. दमा किंवा शिंका-सर्दीच्या ॲलर्जीत मात्र फरक दिसला नाही. हे सांगते ते कुणी मुद्दाम अंगठा चोखू द्यावा म्हणून नाही. दोन वर्षांच्या बाळाला अंगठ्यावरून फटका मारताना हात थांबावा म्हणून सांगते.

दोन वर्षांपर्यंत काहीही करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. दोन ते चार या वयात बहुतेक मुलं आपोआप सोडतात. बोलायला लागतात, हातांना दुसरी कामं मिळतात, इतर पोरं बघतात. तिसऱ्या वर्षानंतर दात सरकल्यासारखे वाटले तर एकदा दातांच्या डॉक्टरांना दाखवावं. चार वर्षांनंतरही सवय झोपेत टिकली असेल, तर मदत करायची वेळ आली असं समजावं. याला एक मुदत आहे. सहाव्या वर्षाच्या आसपास खालचे पुढचे कायमचे दात येऊ लागतात आणि सात-आठपर्यंत वरचे. त्याआधी अंगठा सुटला, तर दुधाच्या पुढच्या दातांमधली फट बहुतेक मुलांत आपोआप भरत जाते. ओठ आणि जीभ आपल्या जागी येतात आणि त्यांचाच हलका दाब दातांना परत आणतो. अरुंद झालेला जबडा मात्र इतक्या भरवशाने स्वतःहून रुंद होत नाही. मागच्या दाढा उलट्या चावायला लागल्या असतील, म्हणजे वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसत असतील, तर बहुधा उपचार लागतात.

घरी तपासायची एक सोपी रीत आहे. मुलाला मागच्या दाढा नेहमीसारख्या मिटायला सांगा आणि ओठ हळूच उचलून पाहा. पुढचे वरचे-खालचे दात एकमेकांवर येत असतील तर ठीक. मध्ये गोलसर फट राहत असेल आणि त्यातून जिभेचं टोक दिसत असेल, तर ती अंगठ्याची फट. यालाच आम्ही ओपन बाइट म्हणतो. ही फट बहुधा मधोमध नसते, ज्या हाताचा अंगठा त्या बाजूला थोडी सरकलेली असते. आजींना मी विचारलं, ही पेरू कसा खाते? आजी पटकन म्हणाल्या, बाजूच्या दातांनी. त्यांना वाटत होतं ही तिची खोड. तिचे पुढचे दात एकमेकांना भेटतच नव्हते, मग पेरूचा तुकडा तुटणार कसा? मी पट्टी लावून मोजलं, चार मिलिमीटर. मागच्या दाढा मात्र व्यवस्थित बसत होत्या, याचा मला मोठा दिलासा वाटला.

तिचा अंगठाही पाहिला. उजवा अंगठा डाव्यापेक्षा पांढुरका, सुरकुतलेला, सांध्यावर छोटा घट्टा आणि नखाच्या कडेला लाली. आपल्याकडे पावसाळ्यात ही लाली फार लवकर वाढते. चार महिने हवा दमट, त्यात अंगठा रात्रभर ओला, कातडी भिजून मऊ पडते आणि नखुरडं होतं. नखाची कड सुजून दुखू लागली किंवा पू दिसला, तर आधी त्याचा औषधोपचार करून घ्यावा. दुखरा अंगठा मूल अधिकच तोंडात घालतं.

मग आजींना एक काम दिलं. आठवडाभर रात्री तीन वेळा फक्त बघायचं: मूल झोपल्यावर अर्ध्या तासाने, स्वतः झोपायला जाताना आणि पहाटे उठल्यावर. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकटीत खूण करायची. अंगठा तोंडात असेल तर रेघ, बाहेर असेल तर टिंब. अंगठा काढायचा नाही, बोलायचं नाही. सात रात्री, एकवीस खुणा.

आजी परत आल्या तेव्हा सोळा रेघा आणि पाच टिंबं होती. मुलगी नऊला झोपते, साडेसहाला उठते, म्हणजे साडेनऊ तास झोप. एकवीसपैकी सोळा म्हणजे चारात तीन, म्हणजे रात्रीचे साधारण सात तास अंगठा तोंडात. दुपारच्या झोपेचा आणखी एक तास धरू. हिशेब ढोबळ आहे, पण चार-सहा तासांच्या पलीकडे हे उघड होतं. आकडा ऐकून आजी गप्प झाल्या. मग त्यांनी त्या पाच टिंबांवर बोट ठेवलं. ती बहुतेक मध्यरात्रीच्या आधीची होती, पहाटे मात्र जवळपास रोज रेघ.

त्या टिंबांतच उपायाची वाट आहे. मूल रात्रभर एकसारखं गाढ झोपत नाही. तासा-दीड तासाने झोप पातळ होते, मूल कूस बदलतं, अर्धवट जागं होतं आणि पुन्हा आत जातं. पहाटेकडे झोप अधिक पातळ असते. त्या अर्ध्या जागेपणी ते झोपेकडे परत जायची ओळखीची वाट शोधतं, आणि ती वाट म्हणजे संध्याकाळी झोपताना जे होतं तेच. आजीच्या हाताने झोपलेलं मूल आजी शोधतं, अंगठ्याने झोपलेलं अंगठा. म्हणून रात्री दोन वाजता अंगठा ओढून काढण्यापेक्षा रात्री नऊला झोप लागायची पद्धत बदलणं जास्त उपयोगाचं.

किराईत आणि मिरची इथेच हरतात. कडू चव जाग्या मुलाला आठवण करून देते, झोपलेल्याला नाही. झोपेत लाळ सुटते, दहा मिनिटांत चव धुऊन जाते आणि अंगठा पुन्हा गोड लागतो. मिरचीचा तर धोका आहे. तोच हात झोपेत डोळ्यावर चोळला जातो, आणि मग रात्री घरात जो आकांत होतो तो मी ऐकलेला आहे. मिरची लावू नका, हे मी हात जोडून सांगते. कोरफड, किराईत, कडुनिंब यांतून इजा क्वचितच होते, पण मुलाच्या मनाविरुद्ध लावलं तर त्याला ती शिक्षाच वाटते. घाबरवलेलं मूल झोपायच्या वेळी जास्त बेचैन असतं आणि बेचैन मुलाला शांत व्हायला हाताशी काय आहे? तोच अंगठा. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मीही एका पाच वर्षांच्या मुलाच्या अंगठ्याला कडू औषध लावायला सांगितलं होतं, तेही त्याला न विचारता. त्याने गोधडीत तोंड खुपसून चोखायला सुरुवात केली आणि पुढचे सहा महिने आईला वाटत राहिलं की सवय सुटली. फट तोपर्यंत वाढली. ती चूक माझी होती, म्हणून आता मी मुलाशी आधी बोलते.

त्या मुलीशी मी दिवसा, आजीसमोर, आरशात पाहत बोलले. "तुझे वरचे दात आणि खालचे दात भेटत नाहीत. त्यांच्यामध्ये अंगठा झोपतो. त्याला झोपायला दुसरी जागा शोधूया का?" चार-साडेचार वर्षांच्या मुलाला एवढं कळतं आणि बहुधा ते हो म्हणतं. नाही म्हणालं तर महिनाभर थांबावं. मुलाच्या होकाराशिवाय सुरू केलेले उपाय मी टिकलेले पाहिले नाहीत.

दुसरी जागा म्हणजे आजीच्या जुन्या सुती लुगड्याचा हातभर तुकडा. मुलीने तो स्वतः निवडला. दोन्ही हातांच्या मुठीत त्याची टोकं धरून ती झोपायची. हात पकडून ठेवायला काम मिळालं आणि कापडाला आजीचा वास होता. एक वर्षाच्या आतल्या बाळाजवळ मात्र झोपताना असं सुटं कापड ठेवू नये, तोंडावर येऊन श्वास कोंडू शकतो. त्याच्या जोडीला रोजचा क्रम ठरवला: साडेआठला हातपाय धुणं, दात घासणं, दिवा मंद, आजीची एक गोष्ट आणि पाठीवरून हात. मोबाईल साडेआठनंतर नाही. हा क्रम रोज त्याच ओळीने व्हायला हवा. आठवडाभरात गोष्ट सुरू झाली की शरीरच झोपेची तयारी करू लागतं.

कॅलेंडरावर आता रेघांऐवजी टिकल्या लावायच्या ठरल्या, आणि इथे एक काळजी घेतली. टिकली रात्रभर अंगठा न घातल्याबद्दल नाही, झोप लागेपर्यंत न घातल्याबद्दल. झोपेत काय होतं ते मुलाच्या हातात नसतं. जे हातात नाही त्याचं बक्षीस ठेवलं की मूल रोज सकाळी हरतं आणि तिसऱ्या दिवशी खेळ सोडून देतं. जागेपणीची दहा-पंधरा मिनिटं मात्र त्याच्या हातात असतात. टिकली नाही मिळाली तर त्यावर एक शब्दही बोलायचा नाही, हे आजींकडून मी कबूल करून घेतलं. सात टिकल्या झाल्या की आईबरोबर संध्याकाळी समुद्रावर. पैसे लागत नाहीत आणि आईलाही मुलीसोबत एक तास मिळतो.

झोप गाढ लागल्यावर, म्हणजे हात उचलून सोडला तर लुळा पडतो त्यानंतर, आजींनी बघायचं. अंगठा तोंडात असेल तर तो सरळ खेचायचा नाही. ओठांच्या कोपऱ्यातून आपलं बोट हलकेच घालून पकड सोडवायची, अंगठा बाहेर घ्यायचा आणि मुठीत लुगड्याचा तुकडा द्यायचा. एका मिनिटात अंगठा परत गेला तर त्या रात्री सोडून द्यायचं.

तीन आठवड्यांनी झोपताना अंगठा जवळपास थांबला होता. नऊ वाजता टिकली मिळायची, पण पहाटेच्या रेघा कायम होत्या. तेव्हा आम्ही दुसरी पायरी घेतली, तीही मुलीला विचारून. औषधाच्या दुकानात मिळणारं दोन-तीन इंची क्रेप बँडेज कोपराभोवती गुंडाळायचं. हात सरळ ठेवून, कोपर मध्ये धरून, वर-खाली चार-चार बोटं. घट्ट अजिबात नाही, पट्टीखाली आपली दोन बोटं सहज जायला हवीत. दहा मिनिटांनी मुलाची बोटं पाहायची, ती गुलाबी आणि ऊबदार हवीत. थंड, निळसर किंवा मुंग्या येत असतील तर पट्टी लगेच सोडायची. यात हात बांधलेला नसतो. कोपर वाकवता येतो, पण वाकवला की पट्टी हळूहळू ताणते, झोपेत स्नायू सैल पडले की हात सरळ होतो आणि अंगठा आपोआप तोंडातून निघतो. चार वर्षांखालच्या मुलाला हे करू नये. काही घरांत यापेक्षा हाताची बोटं झाकणारी लांब बाहीची सुती बंडी शिवणं सोपं जातं. तोही चांगला उपाय आहे, फक्त कापड कोरडं हवं.

उपायाची वेळ निवडणं आपल्या हवामानात महत्त्वाचं आहे. एप्रिल-मे महिन्यांत पट्टी किंवा बाही घातली तर घामोळं उठतं, मूल रात्रभर खाजवतं आणि दोष पट्टीवर येतो. पावसात कपडे वाळत नाहीत. दिवाळीनंतर थंडी पडू लागते तेव्हा सुरू केलेलं चांगलं चालतं. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, शिमग्यात रात्री जागवल्या जात असताना किंवा घरात नवीन बाळ आलं असताना सुरू करू नये. त्या दिवसांत मुलाला आधाराची गरज जास्त असते आणि झोपेचा क्रम पाळणं मोठ्यांनाही जमत नाही.

पट्टीच्या सहाव्या आठवड्यात आजींनी पुन्हा सात रात्री खुणा केल्या. एकवीसपैकी तीन रेघा. साडेनऊ तासांचा सातवा भाग म्हणजे जेमतेम सव्वा-दीड तास. पट्टी एक दिवसाआड केली, मग बंद केली. दोन आठवड्यांनी मुलगी तापाने आजारी पडली आणि चार रात्री अंगठा परत आला. आजी घाबरून फोन करत होत्या. मी म्हटलं, आजारपणात असं होतंच, ताप असेपर्यंत काही बोलू नका, पट्टीही नको. ताप उतरल्यावर लुगड्याचा तुकडा आणि टिकल्या पुन्हा सुरू केल्या आणि पाचव्या-सहाव्या रात्री अंगठा गेला.

याने भागलं नसतं आणि मुलगी सहा वर्षांची होत आली असती, तर मी टाळूला बसवायच्या तारेचा विचार केला असता. वरच्या मागच्या दाढांवर कडी बसवून पुढच्या दातांमागे तारेची छोटी जाळी असते. अंगठा आत जातो, पण टाळूला टेकत नाही आणि चोखायची पकड बनत नाही, त्यामुळे त्यातली मजाच जाते. सुरुवातीचे काही दिवस खाताना-बोलताना अडचण होते, शब्द बोबडे येतात. सवय गेल्यावरही ती काही महिने तोंडात ठेवावी लागते, नाहीतर अंगठा परतण्याची शक्यता असते. मूल स्वतः सोडायला तयार असेल तरच मी ती बसवते. घाबरलेल्या मुलाच्या तोंडात ती शिक्षाच होते.

एक गोष्ट अंगठ्याच्या नावाखाली नेहमी निसटते. मूल झोपेत तोंड उघडं ठेवत असेल, घोरत असेल, नाक सतत बंद असेल, तर पुढच्या दातांची फट नुसत्या अंगठ्याने झाली असं धरून चालू नये. नाकामागच्या गाठी वाढल्या असतील तर जीभ तशीच खाली राहते आणि जबडा तसाच अरुंद होतो. अशा मुलाला आधी बालरोगतज्ज्ञांना किंवा कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवावं. तसंच अंगठा कधीच न चोखणारं मूल पाच-सहाव्या वर्षी अचानक चोखू लागलं, तर घरात किंवा शाळेत काय बदललं ते शोधावं. तिथे दात नंतर बघता येतात.

मे महिन्यात मुलगी परत आली. फट चार मिलिमीटरवरून दीडवर आली होती. पुढच्या दिवाळीला वरचे-खालचे दात भेटले होते. तिच्या वरच्या दातांचा कल अजून थोडा बाहेर आहे, तो कायमचे दात आल्यावर पुन्हा पाहू. आजींनी पिशवीतून एक अर्धा खाल्लेला पेरू काढून माझ्यासमोर धरला. त्यावर पुढच्या चार दातांच्या खुणा होत्या.